ट्रेंडिंग ऑडिओवर जाहिरात: रील चाललं, तेल जागेवरच

घाणेकरीण

नमस्कार मंडळी. सांगलीजवळ आमचा लाकडी घाणा आहे. शेंगदाणा तेल रोजचं, करडई आणि खोबरेल मागणी असेल तसं. इन्स्टाचं सगळं माझा भाचा बघतो, पोरगं हुशार आहे, रात्री जागून एडिट करतं, त्यामुळे त्याला दुखवायचं नाहीये हे आधीच सांगते.

तर मध्यंतरी त्यानं एक रील टाकलं. तेव्हा एक म्युझिक फार चालत होतं, आधी हळूहळू वाजत राहतं आणि मग एकदम ठोका पडतो, ठोक्यावर सगळे कपडे बदलून समोर येतात तो प्रकार. आमची चार पोरं आधी पेंडीच्या पोत्यांवर मळक्या बनियनवर बसलेली, ठोका पडला की धोतर, फेटा, गॉगल, स्लो मोशनमध्ये चालत येतात, शेवटी एकाच्या हातात बाटली आणि मग आमचा लोगो. व्ह्यूज लाखाच्या वर गेले. कमेंटी सगळ्या "भावा फेटा कुठून घेतला" आणि "दोन नंबरचा कोण आहे" अशा. तेलासाठी फोन नेहमी येतात तेवढेच आले.

माझं म्हणणं, ट्रेंडबिंड सोडा, सरळ घाणा दाखवा. भाच्याचं म्हणणं, सरळ घाणा दाखवला तर फक्त आपले नातेवाईक बघतील. मला दोन्ही पटतंय. ट्रेंड वापरायचा आणि तेलाबद्दल जे सांगायचंय तेही पोचवायचं, हे जमतं का? कोणी केलंय का?

पश्या

दोन नंबरचा कोण आहे? ;)

घाणेकरीण

@पश्या लग्न झालंय त्याचं.

मंदार_एम

ताई तुम्ही उगाच टेन्शन घेताय. लाख लोकांनी तुमचं नाव बघितलं, फुकटात. पेपरात जाहिरात दिली असती तर किती पैसे गेले असते? आज नाही उद्या घेतील. प्रत्येक रीलनं लगेच फोन वाजवला पाहिजे ही अपेक्षाच चुकीची आहे. आमच्या ऑफिसात याला अवेअरनेस म्हणतात.

खडूस काका

आमच्या वेळी पण ट्रेंडिंग ऑडिओ होता बरं का. रिक्षाला भोंगा लावायचा आणि गाजत असलेल्या सिनेमाच्या गाण्याच्या चालीवर दुकानाची जाहिरात म्हणायची. आमच्या गावात एका फरसाणवाल्याची अशी रिक्षा फिरायची, आम्ही पोरं मागे पळायचो, चाल अजून तोंडात आहे. दुकानाचं नाव? देवाशप्पथ आठवत नाही.

मंदार_एम

काका तुम्हाला तेव्हा खिशात पैसे नव्हते म्हणून आठवत नाही :D

निळी शाई

काकांनी एका ओळीत सगळं सांगितलं खरं तर. मी जाहिरातींच्या एडिटिंगमध्ये आहे, बरीच वर्षं, मुंबईत. याला धंद्यात व्हॅम्पायर म्हणतात. हिरो, गाणं, विनोद, काहीतरी एवढं भारी असतं की ते मालाचं रक्त पिऊन टाकतं, आणि बघणाऱ्याला हिरो आठवतो, माल नाही.

@मंदार, तुमचा मुद्दा मोठ्या ब्रँडला लागू आहे. अमूलचं उदाहरण घ्या. ती पोलका डॉट फ्रॉकवाली मुलगी १९६६ पासून चालू घडामोडींवर कोट्या करतेय, म्हणजे ट्रेंडवरच स्वार होतेय, आणि लोणी चांगलं का ते एका शब्दानं सांगत नाही. चालतं, कारण लोणी काय असतं, अमूल कोण, कुठे मिळतं हे सगळ्यांना माहीत आहे. फक्त आठवण करून द्यायची असते. आणि तरीही नीट बघा, कोटीच्या खाली लोण्याशी जोडलेली एक ओळ असते आणि बहुतेक वेळा चित्रात कुठेतरी लोणी असतं. घाणेकरीण ताईंचं तेल लोकांना माहीतच नाही. जे माहीत नाही त्याची आठवण कशी करून देणार? त्यांना आधी काहीतरी सांगायचंच आहे.

आता रील. ताई, एक करून बघा. त्या रीलमधली बाटली मनातल्या मनात काढा आणि जागी सलूनची कात्री ठेवा, किंवा मोबाईलचं कव्हर ठेवा. रील तसंच चालतंय ना? मग ते तेलाचं रील नव्हतंच, ते फेट्याचं होतं. म्हणून कमेंटी पण फेट्याच्या आल्या, लोकांनी बरोबर वाचलं.

दुसरं, भाच्याला म्हणावं इनसाइट्समध्ये रिटेन्शनचा ग्राफ उघड. कुठल्या सेकंदाला किती लोक टिकून होते त्याची रेघ दिसते. माझा अंदाज, लोगो आला तिथे रेघ धाडकन खाली गेली असेल.

घाणेकरीण

@निळी शाई भाच्याला आत्ता विचारलं. म्हणाला "तुला कोणी सांगितलं?" म्हणजे गेलीय :)

वर्षा_ठाणे

मी थोडी वेगळी बाजू सांगते. माझा रेडिमेड नऊवारीचा घरगुती व्यवसाय आहे आणि मी हाच ट्रेंड वापरला होता, हाच कपडे बदलायचा. ऑफिसच्या कुर्त्यातली मुलगी, ठोका पडला की नऊवारीत. त्यावर मला ऑर्डर आल्या, आणि मेसेजही "खरंच एवढ्या पटकन नेसता येते का" असेच होते. त्यामुळे ट्रेंड वाईट आहे असं मला नाही वाटत.

निळी शाई

@वर्षा, अगदी हेच म्हणायचं होतं, तुम्ही उदाहरणासकट आलात. तुमच्याकडे ठोक्यावर जे बदललं तोच माल होता. पटकन नेसता येणं हेच तुमचं सांगणं, आणि ट्रेंड तेच दाखवतो. ताईंकडे ठोक्यावर बदलली पोरं, आणि तेल शेवटी दारात उभं राहिलं पाहुण्यासारखं.

प्रत्येक चालणाऱ्या ऑडिओला एक जागा असते जिथे सगळ्यांचं लक्ष गोळा होतं. ठोका असेल, संवादातला शेवटचा शब्द असेल, मधली शांतता असेल. लोकांनी तो ऑडिओ आधी वीस वेळा ऐकलेला असतो, त्यामुळे ते त्या जागेची वाटच बघत असतात. तिथे काय ठेवायचं एवढाच प्रश्न आहे. तिथे माल ठेवला तर ट्रेंड तुमच्यासाठी काम करतो. दुसरं काहीही ठेवलं तर तुम्ही ट्रेंडसाठी काम करता.

पण त्याआधी ताई, सांगायचं काय आहे? एकच गोष्ट सांगा. "शुद्ध", "पारंपरिक", "आरोग्यदायी" असलं नको, ते सगळेच म्हणतात.

घाणेकरीण

एकच म्हणजे अवघड आहे. लाकडी घाणा आहे, कमी वेगानं फिरतो त्यामुळे तेल फारसं तापत नाही, लिटरला अडीच किलोच्या आसपास शेंगदाणे जातात म्हणून किंमत जास्त, काही मिसळत नाही, वास खमंग येतो...

सायली के

ताई धागा पूर्ण वाचला नाही, पण तुमच्या तेलाचा भाव काय आहे? पुण्याला कुरिअर करता का, आणि बाटली फुटत नाही ना? मी मागे एकीकडून असं घाण्याचं तेल मागवलं होतं तर तळाला सगळा गाळ होता, फोटो काढून परत पाठवलं. तुमच्यात गाळ नसतो ना?

घाणेकरीण

@सायली व्यनि करते. गाळ थोडा असतोच हो. आम्ही तेल स्टीलच्या टाकीत निवळायला ठेवतो, मग कापडातून गाळतो, तरी शेंगदाण्याचा अगदी बारीक चुरा राहतो आणि तळाला बसतो. रिफाइंडमध्ये सगळं काढून टाकतात म्हणून ते काचेसारखं दिसतं. आमच्याकडे निम्म्या तक्रारी याच्याच असतात, समजावून समजावून दमले.

निळी शाई

ताई, हे आहे तुमचं सांगणं!! गाळ!

बघा ना, गिऱ्हाईक पहिल्यांदा बाटली उघडतं आणि त्याला वाटतं फसवलं. सायलीताईंनी परत पाठवलं (तुमचं नाही, पण पाठवलं). आणि यात ट्रेंडचा सांगाडा आयता आहे: आधी काहीतरी गडबड वाटते, ठोका पडतो, उलगडा होतो. कपडे बदलायची गरजच नाही.

डीजे गण्या

सगळे ज्ञान देताय पण मेन गोष्ट कोणी बोललं नाही. ऑडिओ ३० सेकंदांपेक्षा कमी वापरला तर कॉपीराइट लागत नाही, त्यामुळे बिनधास्त वापरा. फक्त बूस्ट करताना कधीकधी अडतं, मग अकाउंट पर्सनल करून टाकायचं, सगळी गाणी दिसायला लागतात.

कोर्टाची पायरी

@डीजे गण्या, अर्धं बरोबर आहे आणि अर्ध्यानं घात होईल. ३० सेकंदांची अशी काही सूट १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात नाही. ही दंतकथा आहे, लग्नाच्या व्हिडिओवाल्यांपासून सगळीकडे फिरते.

अकाउंट पर्सनल केलं की गाणी दिसतात हे खरं. पण ती लायब्ररी लोकांनी आपल्या मजेसाठी वापरायची म्हणून घेतलेली असते. धंद्यासाठी वापर वेगळा, आणि अकाउंटचा प्रकार बदलल्यानं तुमचा वापर बदलत नाही, तुम्ही तेल विकताय ते विकताच आहात. लायसन्सवालं गाणं असलेलं रील बूस्ट होत नाही ते याचमुळे. अमेरिकेत बँग नावाच्या एनर्जी ड्रिंकच्या कंपनीविरुद्ध अशाच सोशल मीडियावरच्या गाण्यांवरून युनिव्हर्सल आणि सोनी दोघांच्या बाजूनं २०२२ मध्ये निकाल लागले, आणि २०२४ मध्ये सोनीनं मॅरियट हॉटेलवर दावा लावला होता. सांगलीच्या घाण्यावर उद्या कोणी दावा लावेल असं मी म्हणत नाहीये. पण रील म्यूट होणं किंवा काढलं जाणं हे मात्र होतं, आणि तेही नेमकं चाललेलं रील.

अजून एक. कुणीतरी सिनेमातला संवाद अपलोड केला की त्यावर "ओरिजिनल ऑडिओ" असं लिहून येतं. त्याचा अर्थ तो हक्क त्या माणसाचा आहे असा होत नाही.

डीजे गण्या

मग लहान माणसानं करायचं काय? सगळे तेच करतात.

निळी शाई

सांगाडा वापरायचा, ऑडिओ स्वतःचा. आधी गडबड मग उलगडा ही रचना कुणाच्या मालकीची नाही. मेटाचं साऊंड कलेक्शन आहे, तिथलं म्युझिक त्यांच्याच प्लॅटफॉर्मवर धंद्याला चालतं, पण खरं सांगायचं तर बरंचसं लिफ्टमधल्या म्युझिकसारखं आहे. मला विचाराल तर घाण्याचाच आवाज घ्या. लाकूड फिरताना जी करकर येते ना ती फोन जवळ धरून रेकॉर्ड करा, पंखा आणि मोटार शक्य तेवढी लांब ठेवून.

हो, याचा तोटा आहे. ट्रेंडिंग ऑडिओच्या पानावरून जे लोक आयते येतात ते येणार नाहीत. ते कमी किती होतील हे रीलवर आहे, आणि मी इथे बसून सांगू शकत नाही.

मंदार_एम

म्हणजे फिरून तिथेच आलो ना? ट्रेंडचा फायदाच गेला. भाचा बरोबर म्हणत होता, नातेवाईकच बघतील. घाण्याची करकर ऐकायला कोण थांबणार आहे?

अनघा_नागपूर

मी थांबेन. मला असले आवाज झोप येईपर्यंत ऐकायला आवडतात :)

घाणेकरीण

दोन दिवस भाचा आणि मी बसलो होतो. गाळाची कल्पना त्याला पण आवडली (फेटा गेला म्हणून थोडा नाराज आहे). आम्ही असं लिहिलंय, बघा जरा:

सुरुवातीला भाचा कॅमेऱ्यासमोर येतो, "नमस्कार मित्रांनो" म्हणतो. मग बाटली दाखवतो, तळाला गाळ. शेजारी रिफाइंडची स्वच्छ बाटली. अक्षरं येतात: "स्वच्छ दिसतं ते चांगलं असतं का?" मग हळू म्युझिक, ठोका, घाणा फिरताना, तेलाची धार. अक्षरं: "गाळ म्हणजे शेंगदाण्याचाच बारीक चुरा असतो, तो आरोग्याला अपायकारक नसतो, बाटली दोन दिवस स्थिर ठेवल्यास खाली बसतो, आमच्याकडे कोणतेही केमिकल वापरले जात नाही." मग लोगो, फोन नंबर. साधारण तीस सेकंद.

निळी शाई

चांगलंय, पण कात्री लावतो, राग मानू नका.

"नमस्कार मित्रांनो" काढा. बोट तिथेच वर सरकतं. पहिल्या फ्रेममध्येच हातानं बाटली तिरकी केलेली आणि तळाचा गाळ धुरासारखा वर येताना दिसला पाहिजे, अगदी जवळून, खिडकीच्या उजेडासमोर धरून, म्हणजे कण चमकतील. अक्षरं गिऱ्हाइकाच्या शब्दात: "तेलात गाळ आहे. परत घ्या." संपलं. याला दोन-अडीच सेकंद.

रिफाइंडची बाटली काढा. तुम्ही दुसऱ्याला नावं ठेवायला लागलात की सांगणं बदलतं, लोक खाली रिफाइंड चांगलं की वाईट यावर भांडत बसतील आणि तुमचा गाळ राहील बाजूला. शिवाय दुसऱ्याचा माल विनाकारण कमी दाखवला तर एएससीआय या जाहिरातींवर नजर ठेवणाऱ्या संस्थेकडे तक्रार होऊ शकते.

मग पाच-सहा सेकंद नुसती करकर. घाणा अर्धवट दिसू दे, फिरणारं लाकूड, पेंडीचा कडेला चढलेला थर. वेग वाढतोय असं वाटलं पाहिजे. आणि मग आवाज एकदम बंद. पूर्ण शांत. त्या शांततेत तेलाची धार कापडावर पडते आणि कापडावर राहतो तो शेंगदाण्याचा चुरा. अक्षरं: "गाळ नाही. शेंगदाणा आहे." ही तुमची ठोक्याची जागा. सगळं रील या एका चित्रासाठी आहे, तिथे तीन सेकंद तरी थांबा, घाई करू नका.

तुमचं ते लांबलचक वाक्य एवढ्या वेळात कोणी वाचत नाही. मी असं करतो की पडद्यावरची ओळ स्वतःशी सावकाश दोनदा वाचायची, तेवढा वेळ ती टिकली नाही तर ओळ छोटी करायची. दोन दिवस स्थिर ठेवा वगैरे शेवटच्या शॉटमध्ये, नाहीतर कॅप्शनमध्ये घाला. "अपायकारक नसतो" आणि "केमिकल" हे शब्दच आणू नका, ज्याच्या मनात शंका नव्हती त्याच्याही येईल.

आणि लोगोचं वेगळं कार्ड नको. तिथेच रेघ पडली होती ना? शेवटचा शॉट बाटलीचा असू दे, लेबल समोर, निवळलेलं तेल वर आणि गाळ तळाला.

निळी शाई

राहिलंच. लेबल फ्रेममध्ये कुठे येतंय ते बघा. रील पैसे लावून चालवायचं असेल तर मेटा सांगतं की वरचा साधारण १४ टक्के आणि खालचा ३५ टक्के भाग मोकळा सोडा, कारण तिथे नाव, कॅप्शन, बटण येतं. टेबलावर बाटली ठेवून शूट केलं की लेबल नेमकं खालच्या भागात जातं आणि कॅप्शनखाली दडतं. शूटिंगच्या वेळी फोनवर छान दिसतं, टाकल्यावर कळतं. बाटली उंचावर ठेवा, विटेवर ठेवा.

खडूस काका

विटेवर उभा केला की विठोबा झाला, आता चालणारच :)

वर्षा_ठाणे

@घाणेकरीण, टाकायच्या आधी शेजारपाजारच्या चार-पाच जणांना एकदा दाखवा, काही न सांगता. मग दुसऱ्या दिवशी विचारा, काल काय बघितलंत. "घाणा" म्हणाले तर अर्धं काम झालं, "गाळ म्हणजे शेंगदाणाच" म्हणाले तर टाकून द्या. आणि आवाज बंद करूनही दाखवा, माझ्या सासूबाई सगळं म्यूटवरच बघतात.

मंदार_एम

मी अजून माझ्या मतावर आहे. हे सगळं करून बघणारे हजारभर आले तर? फेट्याच्या रीलला लाख होते.

निळी शाई

@मंदार, होऊ शकतं. हजारात वीस जणांनी विचारलं तर माझ्या लेखी लाखापेक्षा बरं, पण वीस विचारतील याची हमी मी देत नाही. तुमचं एवढं मान्य करतो की प्रत्येक रील असं नको. अधूनमधून पोरांना फेटे बांधू देत, पेज जिवंत राहतं. फक्त त्या रीलला जाहिरात म्हणायचं नाही आणि त्याच्यावर पैसे लावायचे नाहीत.

घाणेकरीण

हे भाच्याला वाचून दाखवलं, "फेटे बांधू देत" ऐकून स्वारी खूष. पण त्याचं म्हणणं नुसत्या करकरीवर वेग वाढतोय असं वाटत नाही, खाली काहीतरी ताल पाहिजे.

डीजे गण्या

ताई हलगी टाका खाली! माझा मित्र वाजवतो, जबरदस्त हात आहे. तुमच्या घाण्याच्या करकरीवर बसवून देतो, हळू सुरू करून चढवत नेतो आणि जिथे पाहिजे तिथे कट. पैसे नको, एक लिटर तेल द्या :D

निळी शाई

हे झकास. गण्या, ठोक्याआधी अगदी क्षणभर हात थांबव, म्हणजे शांतता मुद्दाम आहे हे कळेल, नाहीतर लोकांना वाटेल आवाज गेला. आणि ताई, ऑडिओ तुमच्या अकाउंटवरून ओरिजिनल म्हणून गेला की त्याचं नाव बदलता येतं, तिथे घाण्याचं नाव टाका. दुसऱ्या कुणी वापरला तर तुमचं नाव बरोबर जाईल.

कोर्टाची पायरी

आणि हलगीवाल्याकडून लिहून घ्या.

डीजे गण्या

अहो मित्र आहे माझा.

कोर्टाची पायरी

मित्र आहे तोवरच लिहून घ्यायचं असतं. अर्धं पान पुरे: या घाण्याच्या जाहिरातीसाठी, पैसे लावून चालवायलाही, आणि किती वर्षांसाठी ते स्पष्ट. मुदत लिहिली नाही तर कायदा पाच वर्षं धरतो, आणि जागा लिहिली नाही तर फक्त भारत. परदेशात कोणी तेल मागवणार असेल तर तेही लिहा.

डीजे गण्या

बरं लिहून घेतो. मग तेल दोन लिटर. एक माझं.